म्हणे हजार लिटरला 24 रुपये 66 पैसे!! कोणी मोजलं हो?

नगरपालिकेची नोटीस आलीय, पाणीपट्टी वाढणार, अर्धा इंची नळाला वर्षाला 2400 होते ते आता 3600. आणि खाली उपकार केल्यासारखं छापलंय की नागरिकांनो, एक हजार लिटर पाणी तुमच्या नळापर्यंत आणायला आम्हाला 24 रुपये 66 पैसे खर्च येतो, तुम्ही त्याच्या निम्मे पण देत नाही. वरचे 66 पैसे बघा!! जणू काही सोनाराच्या काट्यावर तोललंय. पाणी आमच्याकडे एक दिवसाआड, ते पण पाऊण तास, त्यातली पहिली दहा मिनिटं नळातून नुसती हवा आणि मग गढूळ, आणि हिशोब मात्र पैशापर्यंत.

डोकं फिरलं म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, कागद आले. आकडे गोल करून सांगतो, नाहीतर वाचताना तुम्ही पण झोपाल. गाव 50 हजारांचं. पाणीपुरवठ्याचा वर्षाचा खर्च 4 कोटी 32 लाख. त्यात वीजबिल 1 कोटी 90 लाख, पगार 1 कोटी 60 लाख, पंप, पाइप, व्हॉल्व्ह असली दुरुस्ती 60 लाख, तुरटी आणि क्लोरीन 16 लाख, आणि धरणातल्या पाण्याचे पाटबंधारेवाल्यांना 6 लाख. हो, खुद्द पाण्याचे फक्त 6 लाख! पाणी जवळपास फुकटच आहे, पैसे लागतात ते वर चढवायला, आणि तो चढवणारा पंप चालवणाऱ्या माणसांना.

खर्चाच्या बाजूला माझं काही म्हणणं नाही, बिलं आहेत, पगारपत्रकं आहेत, ऑडिट होतं. (पाणी खात्यातून पगार घेऊन वर्षभर वसुली विभागात बसणारे काही जण त्या 1 कोटी 60 लाखांत आहेत, त्यावर परत कधीतरी बोलू.) माझा राग आहे तो भागाकारावर. 4 कोटी 32 लाखांना भागलं कशाने? पाण्याने. आणि पाणी किती? तर रोज 80 लाख लिटर उचलतो, त्यातलं 40 टक्के गळतीत जातं, उरलं 48 लाख लिटर. त्याचे वर्षाचे होतात 17 लाख 52 हजार किलोलिटर, त्याने भागलं की आले 24.66. झालं. उचललेल्या पाण्याने भागलं असतं तर 14 रुपये 79 पैसेच आले असते, मधले जवळजवळ 10 रुपये हे गळतीचे, म्हणजे जे पाणी रस्त्याखाली मुरलं त्याचं बिल पण माझ्याच नावावर. केंद्र सरकारने 2008 मध्ये शहरांसाठी जे निकष काढले त्यात ज्याचे पैसे येत नाहीत असं पाणी जास्तीत जास्त 20 टक्के असावं असं स्पष्ट आहे, आणि आमचे साहेब 40 टक्के असं लिहितात जणू ते हवामान आहे, आपण काय करणार!

पण खरी गंमत पुढे आहे. मी कार्यालयात जाऊन विचारलं की हे 80 लाख लिटर मोजलं कुठे? तर इंजिनिअर साहेब म्हणाले, जॅकवेलवर, म्हणजे पंप जिथून पाणी उचलतो त्या विहिरीवर, मीटर आहे पण तो बंद आहे. कधीपासून? तर ‘मी यायच्या आधीपासून’. मग आकडा आला कुठून? तर पंपाच्या नेमप्लेटवर लिहिलंय तासाला 400 किलोलिटर, पंप चालतो रोज 20 तास, 20 गुणिले 400, झाले 8000 किलोलिटर म्हणजेच 80 लाख लिटर. अरे देवा!! म्हणजे पंप नवीन असताना कंपनीने पत्र्यावर जे ठोकलं होतं ते आज पण खरं धरायचं? पंपाच्या आतलं पाणी ढकलणारं चाक, इंपेलर, झिजलंय, पाइपात गाळ बसलाय, व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो, ते सगळं त्या पत्र्याला कळतं का?

आमच्या गल्लीत एक काका राहतात, पंप ऑपरेटर म्हणून रिटायर झालेत, त्यांना सांगितलं तर हसायला लागले. म्हणे, ‘अरे तो पंप 300 च्या वर देतच नाय, सगळ्यांना माहितीये, टाकी भरायला किती वेळ लागतो बघ ना.’ आणि ही साधी परीक्षा कुणी पण करू शकतो, मीटर लागत नाही. 10 लाख लिटरची उंच टाकी, आउटलेटचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद, पंप चालू, आणि घड्याळ. तासाला 400 येत असतील तर रिकामी टाकी अडीच तासांत भरली पाहिजे. दोन नगरसेवकांना मागे लावून ते करायला लावलं (त्या दिवशी अर्ध्या गावाला पाणी उशिरा आलं, शिव्या मी खाल्ल्या), तर लागले 3 तास 10 मिनिटं. म्हणजे तासाला 316. दिवसाला 63 लाख लिटर! उरलेलं 17 लाख लिटर गळलं बिळलं काही नाही, ते नदीतून वर आलंच नव्हतं! कागदावरच उचललं आणि कागदावरच गळालं.

आता बघा हिशोबाचं काय होतं. नळापर्यंत खरंच 48 लाख लिटर पोचत असेल तर गळती 40 नाही, 24 टक्के. आणि गळती खरंच 40 टक्के असेल तर नळाला 38 लाख लिटरच येतं, मग माणशी 76 लिटर, आणि हजार लिटरचा खर्च 31 रुपयांच्या पुढे. यातलं खरं कोणतं? कुणालाच माहीत नाही, कारण घरच्या नळांना पण मीटर नाहीत, ते 40 टक्के कुठल्यातरी सल्लागाराने जुन्या अहवालात ‘अंदाजे’ म्हणून टाकलेले आणि तेव्हापासून दर वर्षी कॉपी पेस्ट. अंदाजाला अंदाजाने गुणायचं आणि वरून 66 पैसे लावायचे!

आणि याच्यात वीजबिल कसं लपतं ते ऐका, मला सगळ्यात जास्त संताप याचा आलाय. हजार लिटर पाणी एक मीटर वर न्यायला साधारण 0.0027 युनिट लागतात, हे शाळेतलं फिजिक्स आहे, यात कुणाची मर्जी चालत नाही. आमच्याकडे जॅकवेल ते फिल्टर हाऊस आणि तिथून उंच टाकी, दोन्ही मिळून पाइपातलं घर्षण धरून 120 मीटर. म्हणजे 0.33 युनिट. पंप आणि मोटार मिळून 65 टक्के कार्यक्षम असतील, आणि असायला पाहिजेत, तर अर्धा युनिट. आमचं बिल 1 कोटी 90 लाख, सगळे आकार धरून युनिट 9 रुपयाला पडतं, म्हणजे वर्षाला 21 लाख युनिट. कागदावरच्या 80 लाख लिटरने भागलं तर हजार लिटरला 0.72 युनिट, जरा जास्त वाटतं पण खपून जातं. खऱ्या 63 लाखांनी भागलं तर 0.92!! म्हणजे 100 युनिट जाळले की त्यातले 36 पाणी चढवतात आणि बाकीचे 64 त्या झिजलेल्या पंपात नुसते गरम होतात. पाण्याचा आकडा फुगवला की पंप बरा दिसतो, आणि पंप बरा दिसला की तो बदलायचा विषय सभेत येतच नाही. गळती म्हणून जे पाणी दाखवतात ते खरं म्हणजे पंपाचं पाप आहे. नीट पंप असता तर बिल 1 कोटी 5 लाखांच्या आसपास असतं. वीज कमी जाळली तरी भरावाच लागणारा डिमांड चार्ज असतो, त्यामुळे मधले 85 लाख सगळे वाचणार नाहीत, मान्य, पण बरेचसे वाचतील. आणि आमच्यावर जी वाढ लादताय ती किती? 9 हजार नळ गुणिले 1200, 1 कोटी 8 लाख.

कोणीतरी लगेच येईल सांगायला की आधी गळती थांबवा मग सगळं स्वस्त होईल. थांबवाच हो, पण तिथे पण फसवतात. एक हजार लिटर गळती थांबली की 24.66 वाचत नाहीत, वीज आणि तुरटी-क्लोरीन मिळून खऱ्या पाण्यावर जे 9 रुपये होतात तेवढेच वाचतात. व्हॉल्व्हमनचा पगार तेवढाच, फिल्टर हाऊसवरच्या माणसाचा पण तेवढाच. फायदा दिसेल तो तेव्हा, जेव्हा ते वाचलेलं पाणी कुणाच्या तरी नळाला जाईल आणि त्याच खर्चाला भागायला जास्त पाणी मिळेल. आणि एक दिवसाआड पाण्यात गळती शोधायची तरी कशी? 24 तास पाइप भरलेला असेल तर रात्री 2 ते 4 मध्ये, लोक झोपलेले असताना जेवढं वाहतं ती बहुतेक गळतीच, मोजली की कळतं. आमच्या पाइपात रात्री पाणीच नसतं, उलट बाहेरचं गटाराचं आत येतं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून 24 तास पाणी देऊन दाखवलंच ना, ते काय परदेशात आहे का!

आणि प्लीज व्हॉल्व्हमनला शिव्या देऊ नका. पहाटे 4 ला सायकलवर येऊन गटाराशेजारच्या चेंबरमध्ये हात घालणारा तो ठेकेदाराचा माणूस आहे, त्याचा पगार पण महिनोन्महिने अडकतो. तुमच्या भागाला पाऊण तासच पाणी द्यायचं हे त्याने ठरवलेलं नाही.

टँकरवाल्याला मी उन्हाळ्यात 10 हजार लिटरचे हजार रुपये देतो, म्हणजे हजार लिटरला 100, आणि 30 रुपयांचा 20 लिटरचा जार म्हणजे हजार लिटरला 1500. तेव्हा 3600 भरायला माझी ना नाही, 4000 पण भरीन. पण आधी मोजा!

हरकत दिलीय मी. जॅकवेल, फिल्टर हाऊसचं आउटलेट आणि प्रत्येक उंच टाकी, इथे मीटर लावा, तीन महिने रोजचं रीडिंग वीजबिलाशेजारी नोटीस बोर्डावर चिकटवा आणि मग दर ठरवा एवढंच लिहिलंय. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘मीटरला निधी नाही.’ अहो ते मीटर काही लाखांत बसतात, तुम्ही आमच्याकडून वर्षाला कोटीच्या वर मागताय! तर म्हणे वाढीव पाणीपट्टी जमा झाली की मग मीटरचा प्रस्ताव ठेवू. हरकतींची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, ज्याला ज्याला 2400 ची पावती येते त्याने एक कागद तरी देऊन या, आणि आवक शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर नंतर म्हणतील हरकत आलीच नाही.