वाटणी चुकवायचीय? मग टॅक्स नका लावू, सेस लावा

पैसा तर पाहिजे पण त्यातला वाटा भावाला द्यायचा नाही, अशी अडचण असंल तर वकिलाकडं अजिबात जाऊ नका, तो तुमचाच वाटा खाईल. त्यापेक्षा एखादं बिल नीट वाचायला शिका. टॅक्सची ओळ असते ना, तिच्या खाली गरिबासारखी अंग चोरून बसलेली आणखी एक बारकी ओळ असते, सेस म्हणजे उपकर. सगळी विद्या तिथं आहे आणि फुकट आहे.

आता असं समजा की मोंढ्यात तुमचं दुकान आहे आणि वडिलांनी लिहून ठेवलंय की नफ्यातले शंभरातले ४१ रुपये गावाकडं शेती बघणाऱ्या भावांना द्यायचे. कागदच आहे, नाही म्हणायची सोय नाही. तर तुम्ही काय करायचं, उद्यापासून गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या पैशाला नफा म्हणायचंच कमी करायचं. थोडा नफा, थोडा ‘छत दुरुस्ती निधी’, थोडा ‘आईच्या औषधपाण्याचा निधी’. भावाला वाटा नफ्यातून, निधीतून नाही. तो चिडला तर म्हणायचं, अरे ४१ टक्के तर देऊच लागलो की, एक पैसा कमी केला का? आणि आईच्या औषधाचं नाव काढल्यावर तोही गप बसतो, आपल्याकडं कोण बोलंल त्यावर.

घरात हे केलं तर चार लोकांत शोभा होईल. दिल्लीत केलं तर त्याला राज्यघटनेचं कलम २७० म्हणतात. केंद्र जो इन्कम टॅक्स, कस्टम, एक्साइज गोळा करतं त्यातला ठराविक वाटा राज्यांना द्यावाच लागतो, पंधराव्या वित्त आयोगानं तो ४१ टक्के ठरवला होता, त्याआधी चौदाव्यानं ४२. पण त्याच कलमात लिहिलंय की ठराविक कामासाठी लावलेला सेस आणि सरचार्ज ह्या वाटणीतून बाहेर. २००० साली ८० वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा हे असं पक्कं लिहिलं गेलं. म्हणजे चोरी नाही, लबाडी नाही, सगळं कायद्यात बसवून. मी तर म्हणतो असं घटनेत बसवून वाटणी चुकवायला वेगळीच अक्कल लागते.

लोक विचारतात काहून वेगळा लावतात, टॅक्सच वाढवा ना सरळ. भोळे लोक. आमच्याकडच्या एका गुरुजींनी मागच्या वर्षी फॉर्म १६ घेऊन मला हेच विचारलं. टॅक्स बसला होता १ लाख, त्याच्या खाली ‘आरोग्य आणि शिक्षण उपकर ४ टक्के’, ४,०००, एकूण १ लाख ४ हजार. गुरुजी म्हणले, “हे चार हजार आपल्या शाळेलाच येत असतील ना? पत्र्यातून पाणी गळायलंय वर्गात.” मी म्हणलं गुरुजी, आधी हिशोब बघा, मग पत्र्याचं बोलू. त्या १ लाखातले ४१ हजार केंद्राला राज्यांसाठी बाजूला काढावे लागतात (वसुलीचा खर्च सोडा), आणि ४,००० मधून शून्य. आता केंद्राला तेवढेच ४,००० हातात पाहिजे असते आणि त्यानं सेसऐवजी टॅक्सच वाढवला असता, तर तुमच्याकडून ४,००० घेऊन भागलं नसतं, कारण त्यातले १,६४० राज्यांना गेले असते. जवळजवळ ६,७८० घ्यावे लागले असते. म्हणजे बघा, तुमच्यावर उपकारच केलाय, ६,७८० चं काम ४,००० त भागवलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं की मग उरलेला वाटा कुणाचा बुडाला. ह्याच्यासाठीच म्हणतात मास्तर माणसाला हिशोब सांगू नये.

खरी कारागिरी मात्र पेट्रोलमधी आहे. तिथं ती पावतीवर दिसतसुद्धा नाही, पावतीवर फक्त दर, लिटर आणि रक्कम. आमच्या परभणीचं पेट्रोल राज्यात महाग म्हणून दरवेळी बातमीत येतं, त्याचं कारण वाहतूक वगैरे वेगळं आहे, पण त्या निमित्तानं लोक दर वाचतात आणि शिव्या देऊन टाकी भरतात. दराच्या आत काय भरलंय ते कोणी उघडून बघत नाही. तुम्ही बघा. नवीन विद्यार्थ्यानं फेब्रुवारी २०२१ च्या बजेटपासून सुरुवात करावी, तो धडा सगळ्यात सोपा आहे.

त्या बजेटच्या आदल्या दिवशी केंद्राचं एका लिटरमागं ३२ रुपये ९८ पैसे होतं. त्यात मूळ उत्पादन शुल्क २.९८, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १२ आणि रस्ते व पायाभूत सुविधा सेस १८. बजेटमधी एक नवीन सेस आला, कृषी पायाभूत सुविधा आणि विकास सेस, लिटरला अडीच रुपये. टीव्हीवर बोंबाबोंब, पेट्रोल अडीच रुपयांनी वाढणार. पण वाढलं नाही! सरकार म्हणलं बघा, जनतेवर भार नाही. खरंच नव्हता. कारण मूळ शुल्क २.९८ चं १.४० केलं, विशेष वालं १२ चं ११ केलं, आणि अडीच रुपये शेतीच्या नावानं टाकले. बेरीज ३२.९०. गिऱ्हाइकाला आठ पैशाचा फायदाच झाला म्हणा ना.

मग ह्यात गंमत कुठंय? गंमत अशी की ह्या सगळ्या थप्पीत राज्यांना वाटून द्यायची ओळ एकच, मूळ शुल्काची. बाकी सगळं सेस नाहीतर सरचार्ज, म्हणजे ‘निधी’. आधी २.९८ चे ४१ टक्के म्हणजे सगळ्या राज्यांत मिळून साधारण १ रुपया २२ पैसे वाटायचे होते, आता १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे. सगळ्या राज्यांत मिळून बरं का. त्या वाटणीत महाराष्ट्राचा हिस्सा सव्वासहा टक्क्याच्या जरासा वर, म्हणजे तुम्ही तेव्हा पंपावर केंद्राला जवळपास तेहतीस रुपये दिले तर त्यातून वाटणीच्या रस्त्यानं महाराष्ट्रात परत आले साडेतीन पैसे आणि वर थोडं. डिझेलचंही तसंच, मूळ शुल्क ४.८३ चं १.८० केलं आणि चार रुपये शेतीच्या नावावर. दर जागच्या जागी, नाव बदललं, वाटा गेला. घरातल्या कोणाला आवाज आला नाही असं भिंत सरकवायचं काम आहे हे, आमच्याकडचे गुत्तेदारसुद्धा असं करू शकत नाहीत.

आता कोणी शहाणा म्हणंल की सेसचा पैसा परत राज्यातच खर्च होतो, रस्ते होतात, योजना येतात. होतात ना, खोटं कशाला बोला. रस्ते निधीतून राज्यांनाही पैसा येतो. आणि जीएसटीसोबत २०१७ ला आलेला भरपाई सेस तर राज्यांचं नुकसान भरून द्यायलाच होता, म्हणजे प्रत्येक सेसला शिव्या घालू नका, नाहीतर लोक म्हणतील ह्याला काही कळत नाही. फरक एवढाच आहे की वाट्यातला पैसा आला तर राज्य ठरवतं त्याचं काय करायचं, आणि निधीतला आला तर देणारा ठरवतो कुठं, किती, कधी, आणि फोटो कुणाचा. भावाला रोख देण्याऐवजी तुम्हीच त्याच्या घराला रंग देऊन आलात, रंगही तुमच्याच आवडीचा.

आणि ठराविक काम, ठराविक काम म्हणून जे म्हणतात ना, त्याचीही फार काळजी घेऊ नका. सेसचा पैसा आधी सगळ्यासारखाच सरकारच्या एकत्रित निधीत जातो, तिथून संसदेच्या मंजुरीनं त्या कामाच्या वेगळ्या निधीत टाकायचा असतो. असतो म्हणलं, टाकतातच असं नाही. २००७ पासून इन्कम टॅक्सवर माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का सेस घेऊ लागले, आणि तो ठेवायचा निधी काढायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली २०१७ च्या ऑगस्टमधी. दहा वर्षं! पोरगं पाचवीत असताना फी घेतली आणि ग्रॅज्युएट झाल्यावर पिग्मी खातं उघडलं. कॅगनं २०१८-१९ चा हिशोब काढला तर ३५ वेगवेगळ्या सेसमधून आलेल्या २ लाख ७४ हजार कोटींपैकी १ लाख ६४ हजार कोटीच त्या त्या निधीत गेले होते, बाकी तिथंच एकत्रित निधीत. त्यामुळं कधी सेस खरा का खोटा ओळखायचा असंल तर नाव वाचू नका, त्याच्या नावाचा निधी आहे का आणि त्यात ह्या वर्षी किती टाकले तेवढंच विचारा. आणि विचारून झालं की उत्तराची वाट बघत बसू नका, पेरणी आटपून घ्या.

नावाचं महत्त्व मात्र विसरू नका, त्यात आपलं राज्यही कच्चं नाही. राज्याला तर वाटणी चुकवायची नव्हती, त्याला फक्त आरडाओरडा नको होता. २०१५ ला आपल्याकडं दुष्काळ, म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये दुष्काळासाठी वाढवले. कोण विरोध करंल सांगा? २०१६ च्या एप्रिलमधी मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, त्यावेळी दोन रुपयांवर कुरकुर करणारा माणूस म्हणजे राक्षसच. मग त्याच वर्षी पाऊस झाला, चांगला झाला, नदीनाले वाहिले. दोन रुपये काही पावसाबरोबर वाहून गेले नाहीत. दुष्काळ हटतो हो, त्याच्या नावानं लागलेला पैसा हटवायला वेगळी पूजा लागते.

शेवटचा धडा फक्त हुशार विद्यार्थ्यांसाठी. केंद्रानं सेस लावून वाटा पळवला म्हणून राज्य रडतं, बरोबरच आहे, वित्त आयोगापुढं जाऊन रडतं. पण राज्याचा व्हॅट कशावर लागतो माहितीये का? पेट्रोलची मूळ किंमत, त्यात केंद्राचं सगळं शुल्क आणि सगळे सेस, ह्या सगळ्या बेरजेवर टक्क्यानं. २०२१ मधी मुंबई-ठाण्यासारखी काही शहरं सोडून बाकी महाराष्ट्रात तो पेट्रोलला २५ टक्के होता, त्याच्यावर आणखी लिटरला १० रुपये १२ पैसे वेगळे. म्हणजे रस्त्याचा जो १८ रुपयांचा सेस, ज्यातला वाटा मिळाला नाही म्हणून तक्रार, त्या सेसवरच राज्यानं साडेचार रुपये व्हॅट घेतला. शेतीच्या अडीच रुपयांवर साठ-बासष्ट पैसे. मोठा भाऊ निधी म्हणून घेतोय, धाकटा त्या निधीवर टक्केवारी लावतोय, आणि दोघंही तुमच्यासमोर एकमेकांची तक्रार सांगायलेत. तुम्ही दोघांचंही ऐकून घ्या, मान हलवा, आणि शंभरचं टाकायला सांगा.