खुलासा : धावत्या लोकलमध्ये ॲपवरून तिकीट

एक मेसेज फिरतोय : “गाडी सुटतेय? आधी चढा, तिकीट ॲपवर नंतर काढा. चालतं!”

चालत नाही. पेपरलेस तिकिटासाठी रेल्वेचं ॲप जीपीएस तपासतं. फलाटावर किंवा गाडीत असाल तर नकार देतं. तिकीट प्रवासाआधीचंच लागतं, आणि त्यावर काढल्याची वेळ असते. ८:४२ची लोकल पकडून ८:५०ला काढलेलं तिकीट टीसी मानणार नाही. दंड किमान २५० रुपये, भाडं वेगळं.

घाईत स्टेशनबाहेरच, रस्त्यावर असताना तिकीट काढा. ॲपमधल्या आर-वॉलेटमध्ये पैसे असले की यूपीआयची वाट पाहावी लागत नाही. छापील तिकिटाचा पर्याय चुकून निवडलात, तर स्टेशनवरच्या एटीव्हीएम यंत्रावर किंवा खिडकीवर छापून घ्यावंच लागतं. स्क्रीनशॉटही चालत नाही. तिकीट ॲपमध्येच दाखवायचं, नेट नसलं तरी उघडतं. खिडकीवर रांग लांब असेल तर पुढची लोकल बरी.

तो मेसेज पुढे पाठवू नका.