काका ओरडून नाही राहिले बाप्पा!

आज सकाळी आमच्या गावच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, NAMASKAR SARVANNA. बस, एवढंच. त्यावर पुण्याहून कापूस वेचणीपुरता आलेल्या एका शहाण्यानं लगेच उत्तर टाकलं, "काका, ओरडताय कशाला? कॅपिटल म्हणजे राग असतो." काकांनी नमस्कार पुसून टाकला. सत्तरीतल्या माणसाला नमस्कार मागं घ्यायला लावला लेका तू!

अरे, त्या माणसाचा हयातभराचा इंग्रजी अक्षरांशी संबंध कुठं आला? बँकेच्या स्लिपवर, सोसायटीच्या फॉर्मवर. तिथं काय छापलेलं असते? नाव कॅपिटल अक्षरांत लिहा. म्हणजे काकांच्या हिशोबानं ते व्यवस्थित लिहिणं झालं. आपल्या मराठीत लहानमोठी अक्षरं नाहीतच, मग त्यात राग असतो हे त्यांना कोण सांगणार? आणि फोनमध्ये तर वरच्या बाणावर बोट दोनदा पडलं की कॅपिटल कुलूपबंद होते. बाणाखाली एक बारीक रेघ येते, ती मलेही चष्म्याशिवाय दिसत नाही.

हो, कॅपिटलमध्ये खरंच भांडणारे लोक आहेत, ठीक आहे. पण आमच्याकडचा चिडलेला माणूस नमस्कारानं सुरुवात करत नाही. तो सगळं बारीक लिहितो आणि नेमका एक शब्द मोठा करतो: paise KADHI denar. जो नेहमीच सगळं मोठं लिहितो, त्याच्या मोठ्या अक्षरांना काही अर्थ नसतो. आणि आनंद झालेला माणूस अक्षरं ताणतो, KAKAAAA करतो. कोणी ओरडून राहिला म्हणण्याआधी त्या माणसाचे जुने मेसेज वर सरकवून पाहायला काय होते?

माझ्या मामाचं सांगतो. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगच्या मुनीमानं त्याला कॉम्प्युटरवरून व्हॉट्सॲप केलं:

NAMASKAR BHAU<
UDYA !! VAJTA YA>
@ GADYA AANA>

मामाचं डोकं सटकलं. "पाय, कसा दम देऊन राहिला! दोन-दोन उद्गारचिन्हं!" गेलाच नाही. कापूस अंगणातल्या अंगणात खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला, तोही कमी भावात.

आता तो मेसेज नीट पाहा. मुनीमाला लिहायचं होतं, उद्या 11 वाजता या, 2 गाड्या आणा. शिफ्ट दाबून 1 मारला की उद्गारचिन्ह उमटते, म्हणून 11 चे झाले !! आणि 2 चा झाला @. स्वल्पविरामाचा <, पूर्णविरामाचा >. कॅप्स लॉक चालू राहिला असता तर अक्षरं मोठी झाली असती, पण आकडे आकडेच राहिले असते. आकडे बिघडले म्हणजे शिफ्ट अडकली, दुसरं काही नाही. आणखी एक खूण त्यातच आहे. शिफ्ट दबलेली असताना एंटर मारला की मेसेज जात नाही, खाली नवीन ओळ येते. म्हणून त्या तीन ओळी! शेवटी माउसनं बाणावर टिचकी मारून पाठवलं असेल बिचाऱ्यानं.

मी जाऊन पाहिलं ना. डाव्या शिफ्टखाली चहा सांडून वाळलेला आणि त्यावर रुईचा बारीक पुंजका बसलेला. दाबली की बटण वर यायला तयार नाही. जिनिंगमध्ये रुई कुठं जात नाही? नाकात जाते, डब्यात जाते, कीबोर्डात तर जाणारच. बटण काढून पुसलं, मोकळं झालं. मुनीम म्हणे, "मी काहून रागावू भाऊ? मीच तर वाट पाहून राहिलो होतो." मामा मात्र अजून म्हणतो, दमच दिला होता. त्याला समजावणं माझ्या बापाच्यानं झालं नाही.

आणि कॅप्स लॉक नकळत चालू राहिल्याची खूण वेगळी. सवयीनं माणूस पहिल्या अक्षराला शिफ्ट दाबतो आणि उलटं होते, nAMASKAR असं. हे कॉम्प्युटरवर. तिथं तर राग शोधूच नका.

लांबलचक मेसेज सगळा कॅपिटलमध्ये असला तर वाचायला त्रास होते, तेवढं त्या पुण्यावाल्याचं मान्य. पण नमस्काराला? दोन शब्दांना?

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "नमस्कार काका, तुरीला पाणी देऊन झालं का?" राग असता तर उत्तरात निघाला असता. आकडे विचित्र दिसले असते तर ग्रुपवर न बोलता सरळ फोन लावला असता, किती वाजता म्हणता म्हणून. काकांचं उत्तर आलं: HO BHAU. 2 PANI ZALE. TUMHI KADHI YETA

2 शाबूत आहे, पाहिलं का पुणेकर? संध्याकाळी काकांकडं चाललो. तूही ये, आणि तो नमस्कार त्यांना पुन्हा टाकायला लाव.