टक्कल, पॅकेज आणि उरलेल्या पाच सिटिंग्ज

माझं कपाळ गेली दहा वर्षं मागे मागे सरकतंय. नौपाड्यातला आमचा नेहमीचा न्हावी आता कैची कमी चालवतो आणि गप्पा जास्त मारतो, पैसे मात्र पूर्ण घेतो. तेवढ्यावर भागलं असतं. पण पुतण्याच्या लग्नाच्या फोटोंत वरून काढलेला एक फोटो निघाला, आणि मी घोडबंदर रोडवरच्या एका हेअर क्लिनिकचा जिना चढलो.

तिथे डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटते. तिने एक छोटा कॅमेरा डोक्यावर फिरवला आणि पडद्यावर माझं टाळू दाखवलं. दुष्काळी तालुक्याचा उपग्रहावरून घेतलेला फोटो वाटला. मग इलाज सांगितला : पीआरपी. म्हणजे दंडातून आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवून त्यातला प्लेटलेट्सवाला भाग वेगळा करायचा आणि तो सुईने परत आपल्याच डोक्यात टोचायचा. माल आपला, मजुरी त्यांची.

“सर, एक सिटिंग ९ हजारांना पडते. पण आठांचं पॅकेज घेतलंत तर जीएसटी धरून ४८ हजार. वर तीन बाटल्यांचं शाम्पू किट फ्री! ऑफर फक्त आजच्यापुरती आहे सर.” एका दमात दोन वेळा ‘सर’. माझ्या स्वतःच्या ऑफिसात मला वर्षभरात इतके मिळत नाहीत. मी कार्ड पुढे केलं. नोंदणीचे २,५०० वेगळे घेतले, त्यांची वेगळी पावती दिली. एका फॉर्मवर सही करायला सांगितली. मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. चष्मा घरी होता.

तीन सिटिंग्ज झाल्या. फरक पडला का, हे विचारू नका. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो शेजारी ठेवून मी बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, “अहो, यातला आधीचा कुठला?”

चौथीच्या आधी छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, स्टेंट बसला, आणि हृदयाच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या निदान वर्षभरासाठी सुरू केल्या. गंमत बघा, पीआरपीमध्ये सगळी भिस्त प्लेटलेट्सवर, आणि या गोळ्या प्लेटलेट्सनाच गप्प बसवतात. वर डोक्यात पन्नास ठिकाणी सुया टोचल्यावर रक्त वाहत राहण्याची भीती. क्लिनिकच्याच डॉक्टरांनी माझ्या फाइलवर लिहिलं, ‘रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. पीआरपी थांबवावी.’ खाली सही, तारीख. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. आयुष्यात वेळेवर सुचलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

मग मी उरलेल्या पाच सिटिंग्जचे पैसे मागितले. आणि त्या क्षणी ‘सर’ संपलं, ‘तुम्ही’ सुरू झालं.

माझा हिशोब तिसरीतल्या पोराचा होता. ४८ हजारांत आठ, म्हणजे एक सहा हजारांची. तीन झाल्या, अठरा हजार गेले. उरले ३०. मॅनेजरने मात्र कागद काढला आणि वहीवाल्या सावकारासारखा हिशोब मांडला. पॅकेज अर्धवट सोडलं की सवलत रद्द, म्हणून तीन सिटिंग्ज सुट्या दराने : २७ हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी : ४,८६०. नोंदणीचे २,५००. शाम्पू किट : ४,२००. पॅकेजच्या दहा टक्के प्रशासकीय खर्च : ४,८००. बेरीज ४३,३६०. “तुम्हाला ४,६४० मिळतील. पण रोख नाही, क्रेडिट नोट. घरातलं कोणीही वापरू शकतं.”

घरात माझ्याखेरीज बायको आणि सासूबाई. दोघींचे केस माझ्याकडे दयेने बघतात.

समोरच्या फ्लॅटमधले सीए काका तो कागद बघून पेनाने टकटक करू लागले. “सवलत रद्द करायची तर पॅकेज तू मोडायला हवं. तू कुठे मोडलंस? त्यांच्याच डॉक्टरने थांबवलंय. उद्या तुला कंटाळा आला म्हणून सोडलं असतंस, तर मीच म्हटलं असतं, थोडं सोडून दे. आणि ४८ हजार जीएसटीसकट होते ना? मग पुन्हा जीएसटी कशावर? नोंदणीचे तू आधीच वेगळे दिलेस, ते परत कापतायत. शाम्पू तर फुकट होता!”

मी मॅनेजरला तसं सांगितलं. तो म्हणाला, जीएसटी सरकारला भरलाय, तो परत येत नाही. काका हसले. न झालेल्या सेवेसाठी क्रेडिट नोट काढून भरलेला कर जुळवून घ्यायची सोय त्या कायद्यातच आहे, फक्त तिला मुदत असते. मॅनेजरने मग फॉर्मवरची ती मुंगीची पावलं दाखवली : ‘एकदा भरलेली फी परत मिळणार नाही.’ पण मग ते ४,६४० तरी कुठल्या नियमाने देत होते, हे त्याने सांगितलं नाही. पुढे नेहमीचं : हेड ऑफिसला मेल केलाय, सिस्टीम अलाऊ करत नाही, मॅडम रजेवर आहेत. मी तीनदा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसून गेलो. स्टेंटवाल्या माणसाने तिथे जाऊ नये, असं खरं तर गोळ्यांच्या पाकिटावर छापायला हवं.

शेवटी काकांनी एक पानाचा मेल लिहून घेतला. रागवायचं नाही, विशेषणं नाहीत. दिलेले पैसे, सिटिंग कार्डावरच्या माझ्या तीन सह्या, फाइलवरची डॉक्टरांची नोंद, ‘फ्री किट’ म्हणणारा काउन्सेलरचा व्हॉट्सअॅप मेसेज, हिशोब, आणि उत्तराला पंधरा दिवस. पंधरा दिवस शांततेत गेले. सोळाव्या दिवशी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. “त्यांच्या हातात हुकूम काढायचा अधिकार नाही हं,” काकांनी आधीच बजावलं होतं. “ते फक्त मध्ये बोलतात. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायचं.” २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथेही तक्रार करता येते, हे मला तेव्हा कळलं. क्लिनिकचं हेड ऑफिस कुठल्या शहरात आहे, याची काळजी मी उगाच करत होतो.

दहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. ‘सर’ परत आलं होतं! ३० हजार द्यायला तयार, पण २,५०० कापून. मी म्हटलं, ते आधीच घेतलेत ना, पावती आहे. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज, मग “ओके सर.” अट एकच : आधी एका कागदावर सही करायची की, पूर्ण रक्कम मिळाली, कुठलीही तक्रार उरली नाही आणि इंटरनेटवर काही लिहिणार नाही. या वेळी चष्मा घेऊन गेलो होतो. इंटरनेटवालं वाक्य खोडलं, आणि पैसे खात्यात आल्यावर सही करीन म्हटलं. त्याला चार दिवस लागले. मेसेज आल्यावर सही केली.

निघताना काउन्सेलरने हळूच विचारलं, “सर, शाम्पूच्या बाटल्या आहेत का शिल्लक?”

दोन सीलबंद होत्या. तिसरी बायको वापरते. म्हणते, केस गळायचे थांबले.