फोनवरचा टेलिप्रॉम्प्टर आणि सरकणारी नजर

बँकेतून निवृत्त झाल्यावर, खात्याला नॉमिनी कसा नोंदवावा हे सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ मी फोनच्या पडद्यावर मजकूर सरकवत दाखवणारे टेलिप्रॉम्प्टर अ‍ॅप वापरून केला. तो पाहून सूनबाईंनी विचारले, "बाबा, तुम्ही नक्की कोणाकडे बघताय?" मजकूर तोंडपाठ नसल्याचा हा दोष आहे, असे मला आधी वाटले. खरा दोष फोन ठेवण्याच्या पद्धतीत होता.

मी फोन आडवा धरला होता, त्यामुळे पुढचा कॅमेरा एका कडेला गेला आणि ओळी पडदाभर पसरल्या. प्रत्येक ओळ वाचताना डोळे डावीकडून उजवीकडे जात आणि झटक्यात परत येत. हा झटकाच प्रेक्षकाला "हा वाचतोय" असे सांगतो. नजर किंचित खाली असलेली फारशी खटकत नाही, आडवी फिरलेली मात्र लगेच कळते. म्हणून फोन उभा ठेवावा, मजकूर कॅमेऱ्याच्या अगदी खालच्या पट्टीत आणावा आणि दोन्ही बाजूंचा समास इतका वाढवावा की एका ओळीत तीन-चारच शब्द बसतील.

याहून मोठा फरक अंतराने पडतो. सात सेंटिमीटर रुंदीची ओळ चाळीस सेंटिमीटरवरून वाचताना डोळे सुमारे दहा अंश फिरतात, तीच ओळ सव्वा मीटरवरून वाचली तर जेमतेम तीन अंश. मी फोन स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, चार फुटांवर ठेवला. अर्थात याची किंमत मोजावी लागतेच: अक्षरे बरीच मोठी करावी लागतात, वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींतले अंतर वाढवावे लागते, आणि आवाज खोलीत घुमू लागल्याने कॉलरला माइक लावावा लागतो.

वेगाचा घोळ मला सर्वांत उशिरा उमगला. मजकूर आपल्यापेक्षा जलद सरकला, तर तो निसटण्याआधी गाठण्यासाठी नजर वर पळते आणि बोलण्यात धाप येते. हळू सरकला, तर पुढची ओळ शोधत नजर पडद्याच्या तळाशी उतरते. मोठ्याने वाचून, नजर एकाच ओळीवर स्थिर राहील असा वेग ठरवावा. शिवाय जिथे आपण एरवी थांबलो असतो, तिथे मी कोरी ओळ सोडतो आणि तेवढा वेळ सरळ कॅमेऱ्यात पाहतो. "नॉमिनीचे नाव लिहिले म्हणजे मालकी त्याची झाली, असे नाही" या वाक्यानंतर अशीच एक कोरी ओळ आहे.

तपासताना आवाज बंद करून फक्त डोळे पाहावेत. मी तसे केले तेव्हा डोळे स्थिर होते, पण चष्म्याच्या काचेत पांढऱ्या पडद्यावरच्या ओळी वर सरकताना स्पष्ट दिसत होत्या. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे घेऊन आणि पडद्याचा प्रकाश कमी करून सगळे पुन्हा चित्रित करावे लागले.