एसी २४ वर ठेवायचा नियम आणि अंशामागचा हिशेब

‘सरकारने एसी २४ वर लॉक केलाय, त्याखाली जाताच येत नाही. आणि १८ वर लावला तर खोली लवकर गार होते, म्हणून वीज कमीच लागते.’

लॉक वगैरे काही नाही. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे घरगुती एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर सेट होऊन येतात, एवढाच तो नियम. रिमोटने आकडा खाली नेता येतो.

साध्या, बिनइन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर चालू असला की एकाच जोराने चालतो. रिमोटवरचा आकडा त्याला फक्त कुठे थांबायचं ते सांगतो. त्यामुळे खोली २४ पर्यंत यायला दोन्हीकडे तेवढाच वेळ लागतो. १८ वर लावला तर तो पुढेही चालत राहतो. कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर एसी सुरुवातीला थोडी घाई करतो, पण मग खोली १८ वर टिकवायलाही जास्त वीज खातो.

खरा खर्च या टिकवण्यातच आहे. बाहेर ३६ अंश असतील, तर आत १८ ठेवताना फरक १८ अंशांचा, २४ ठेवताना १२ चा. फरक जितका मोठा तितकी भिंती-खिडक्यांतून उष्णता जास्त आत येते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो प्रत्येक अंशामागे सुमारे ६ टक्के बचत धरतो. २० वर महिन्याला २०० युनिट लागत असतील, तर २४ वर साधारण १५५.

मात्र दार उघडं असेल किंवा एसी खोलीच्या मानाने लहान असेल, तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि ही बचत हाती लागत नाही. बाहेरच्या युनिटचा आवाज अधूनमधून थांबतो का, ते ऐका. इन्व्हर्टरचा नुसता मंदावेल.