गुरुवारची सुट्टी

डिप्लोमाच्या सहा आठवड्यांच्या इंटर्नशिपसाठी कॉलेजने आम्हाला एक डायरी दिली होती. रोज भरायची, रोज सही घ्यायची. मी ती रोज भोसरीला नेत असे आणि रोज परत आणत असे. दोन्ही प्रवास डब्याखाली झाल्यामुळे मुखपृष्ठावर आमटीचा महाराष्ट्र उमटला होता, तोही विदर्भासकट.

आतला मजकूर मात्र कोरडा होता. पहिल्या दिवशी ‘सीएनसी मशीनचे निरीक्षण केले’. दुसऱ्या दिवशी ‘पुन्हा निरीक्षण केले’. तिसऱ्या दिवशी ‘वरीलप्रमाणे’. नवव्या दिवसानंतर डायरी वरीलप्रमाणेही नव्हती, कोरीच होती.

रिपोर्ट द्यायच्या आदल्या आठवड्यात मी कॅलेंडर समोर ठेवून एका रात्रीत सगळी पानं भरली. शाई एकसारखी दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली. एवढी दूरदृष्टी इंटर्नशिपमध्ये दाखवली असती तर! रविवारी ऐटीत ‘साप्ताहिक सुट्टी’ लिहिलं आणि सकाळी सह्या घ्यायला इन्चार्ज साहेबांकडे गेलो.

साहेबांनी चार पानं उलटली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“गुरुवारी मिलिंग मशीन शिकलास?”

“हो सर.”

“कुणाकडून? वॉचमनकडून?”

तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. मी स्वतः सहाही गुरुवारी दुपारपर्यंत झोपलो होतो आणि सहाही रविवारी रिकाम्या बसमधून, अख्ख्या पुण्याला शिव्या देत कामावर गेलो होतो. तरी हात लिहायला लागला की कॅलेंडरमधला रविवार लालच दिसतो. वर रिपोर्टला कंपनीचं हजेरीपत्रक जोडायचं होतं. त्यात सगळे गुरुवार सुट्टीचे आणि सगळे रविवार हजेरीचे. म्हणजे माझ्याच रिपोर्टचं शेवटचं पान पहिल्या चाळीस पानांविरुद्ध साक्ष देणार होतं.

रविवारी नेमकं काय केलं, ते आठवेना. मोबाईल गेटवरच जमा व्हायचा, त्यामुळे फोटो नव्हते. पैसे दिल्याच्या नोंदींवरून वडापाव कधी खाल्ला ते कळलं, पण ‘दोन वडापाव, एक चहा’ यावर प्रकरण उभं राहत नाही. शेवटी साहेबांनीच कपाटातून इन्स्पेक्शन रिपोर्टची फाइल काढली. “बघ, कागदावर कुणाचं अक्षर आहे.”

माझंच होतं. तिसऱ्या रविवारी मी बुशचं बोअर, म्हणजे त्याचं आतलं भोक, दर तासाला बोअर गेजने मोजलं होतं. ड्रॉइंगवर माप 20 एच 7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिलिमीटर. माझे आकडे होते 20.015, 20.013, 20.010, 20.006, 20.003. त्या दिवशी मी ते पाढे लिहावेत तसे लिहिले होते. आता ओळीने बघताना लक्षात आलं की बोअर तासागणिक लहान होत चाललंय. बोरिंग टूलची टिप झिजली की ती आत कमी कापते, म्हणून भोक बारीक होतं. सहावा आकडा एकदम 20.014. सेटरने झिजेइतकं टूल सरकवायला मशीनमधला ऑफसेट बदलला होता आणि मी शेजारी उभा राहून ‘निरीक्षण’ करत होतो.

साहेब म्हणाले, “नुसतं गो-नो-गो गेज लावलं असतंस तर पाचही जॉब ओके दिसले असते. 20.003 लाही गो साईड जातेच. गेज हो-नाही सांगतं, कुठल्या दिशेला निघालाय ते सांगत नाही. जॉब रिजेक्ट झाल्यावरच कळलं असतं.”

मग मी तारखेप्रमाणे लिहिणं सोडलं आणि त्या बुशचं एक प्रकरण केलं. माप, सहा रीडिंग, आलेख, टिपची झीज, ऑफसेट. साहेबांच्या सांगण्यावरून ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर गाळला. सहा आठवड्यांतलं कामाचं असं तेवढंच निघालं, सात पानं. बाकी कंपनीची ओळख आणि ऋणनिर्देश. ऋणनिर्देशात मी वॉचमनलाही घेतलं. डायरी नव्याने खरी लिहिली, सह्या घेतल्या आणि अप्पा बळवंत चौकाजवळ काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करून कॉलेजात नेलं.

आमच्या सरांनी आलेखाचं पान न बघता उलटलं. मग थांबले. लाल पेन काढलं आणि सहा ठिकाणी गोल केले.

“रविवारी कुठली कंपनी चालू असते रे? थापा मारायच्या तर कॅलेंडर तरी बघायचं! या सहा तारखांपुढे कंपनीचा शिक्का आण.”

मी हजेरीपत्रक दाखवलं. त्यावरही शिक्का हवा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक्चर नव्हतं, म्हणून सकाळीच बस धरली. भोसरीला उतरलो तर टपरी बंद, रस्ता मोकळा आणि गेटला हे एवढं मोठं कुलूप. वॉचमनने खुर्चीतूनच विचारलं, “काय भाऊ, आज मिलिंग का?”